कोथिंबीर चारशे की आठशे?

घाऊक भाजी बाजारातला भावाचा फळा दिसायला अगदी साधा असतो. डावीकडे भाजीचं नाव, उजवीकडे दोन आकडे आणि त्यांच्या मध्ये एक आडवी रेघ. पहिला आकडा म्हणजे त्या दिवशी ती भाजी कमीत कमी कितीला गेली, दुसरा म्हणजे जास्तीत जास्त कितीला गेली. भेंडी २००–४००. कोबी ६०–१२०. संपलं.

गेली दोन वर्षं मी रोज सकाळी असा एक फळा वाचते. प्रत्यक्ष नाही, फोटोत. मी पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. माझं गाव इथून दोन तासांवर आहे आणि तिथली बरीचशी घरं भाजीपाल्यावर चालतात. आमच्या गावचा माल ज्या टेम्पोनं बाजारात जातो, त्या टेम्पोवाल्या मामांना लिलाव उरकल्यावर थोडी उसंत मिळते. तेव्हा ते फळ्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. फोटो येतो साडेनऊच्या सुमारास. मी ऑफिसला जाता जाता, बहुतेक वेळा बसमध्ये, तो शीटमध्ये उतरवते आणि दहाच्या आत गावच्या ग्रुपवर तक्ता पाठवते. रकाने तीन: माल, किमान, कमाल.

‘फोटो आहे ना, मग तक्ता कशाला?’ हा प्रश्न मला ऑफिसातल्या मैत्रिणींनीही विचारलाय. फोटोत चाळीसेक ओळी असतात, अर्ध्या फळ्यावर ट्यूबलाइटची चकाकी असते आणि शेतात उन्हात उभं राहून पाच इंची स्क्रीनवर त्या वाचणं माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांना जमत नाही. शिवाय फोटो एका दिवसाचा असतो. तक्ता असला की कालचा, परवाचा, मागच्या आठवड्याचा भाव शेजारी ठेवता येतो. उद्या कोथिंबीर काढायची की दोन दिवस थांबायचं, फ्लॉवर या बाजाराला पाठवायचा की पुण्याला, हे आमच्याकडे त्यावरून ठरतं.

काम सोपं वाटतं, कारण शाळेत आपण आकडे वाचायला शिकलेलोच असतो. पण फळा वाचताना आकड्यांकडे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते वरचा कोपरा, म्हणजे तारीख. फळा रोज पुसून नव्यानं लिहितात, पण सगळा एकदम लिहीत नाहीत. लिलाव जसजसे होतील तसतशा ओळी भरत जातात. फोटो लवकर काढला गेला तर वरच्या ओळी आजच्या आणि खालच्या कालच्या, असं होऊ शकतं. त्यामुळे मामांशी ठरलेलं आहे: शेवटची ओळ लिहून झाली की मगच फोटो, आणि तारीख फोटोत आलीच पाहिजे.

तारखेनंतर बघायचं ते मथळ्याकडे. मथळ्यात परिमाण असतं, आणि ते एकदाच लिहिलेलं असतं. आमच्या फळ्याची पद्धत पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डासारखी आहे. फळभाज्यांचा भाव दहा किलोला, पालेभाज्यांचा शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत रोजचे भाव येतात तेही असेच. म्हणजे भेंडी २००–४०० याचा अर्थ किलोला वीस ते चाळीस रुपये, आणि मेथी ५००–८०० याचा अर्थ जुडीला पाच ते आठ रुपये. एकाच फळ्यावर, एकाच अक्षरात लिहिलेले हे आकडे. वरचे किलोचे, खालचे नगाचे. मधला ‘पालेभाज्या (शेकडा)’ हा मथळा फोटोतून कापला गेला, तर सांगणारं दुसरं काहीच उरत नाही.

बाजार बदलला की परिमाणही बदलतं. टोमॅटोच्या बाजारांत वीस किलोच्या कॅरेटवर भाव बोलतात. लासलगावचा कांदा क्विंटलवर चालतो. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर भाव क्विंटलला रुपये असे दिलेले असतात. राज्याच्या पणन मंडळाच्या रोजच्या तक्त्यात तर ‘परिमाण’ हा वेगळा रकानाच असतो, कारण एका बाजारात कोथिंबीर नगात मोजतात तर दुसऱ्यात क्विंटलमध्ये. आमच्या ग्रुपवर कुणीतरी अधूनमधून विचारतंच, ‘भेंडीला तिकडे तीन हजार आणि आपल्याकडे तीनशेच कशी?’ दोन्ही भाव एकच असतात. एक क्विंटलचा, एक दहा किलोचा.

मग माझ्या तीन रकान्यांत परिमाण कुठे बसवायचं? चौथा रकाना केला की फोनवर तक्ता आडवा सरकवावा लागतो, आणि सरकवला की नाव दिसेनासं होतं. म्हणून मी परिमाण नावातच घालते. ‘भेंडी (१० किलो)’, ‘मेथी (१०० जुडी)’, ‘टोमॅटो (२० किलो कॅरेट)’. नाव लांबतं, पण ओळ एकटी कॉपी करून कुणाला पाठवली तरी तिचा अर्थ तिच्यासोबत जातो. आणि भाव फळ्यावर आहे तसाच ठेवते. किलोत बदलून टाकण्याचा मोह होतो, पण जुडीचं किलो करता येत नाही. पावसाळ्यातली जुडी ओली आणि जड असते, उन्हाळ्यातली हलकी, आणि बांधणाऱ्याच्या मुठीप्रमाणे तिचा आकारही बदलतो. दहा किलोचा भाव दहानं भागून किलोचा भाव मिळतो. शेकड्याचा भाव शंभरानं भागला तर फक्त एका जुडीचा भाव मिळतो.

नावांचंही एक प्रकरण आहे. आमच्या फळ्यावर चवळी आणि चवळई दोन्ही असतात. चवळी म्हणजे शेंग, ती फळभाज्यांत, दहा किलोला. चवळई म्हणजे पालेभाजी, ती शेकड्याला. मध्ये फक्त एक ‘ई’. फोटो जरा अस्पष्ट असला की ती ‘ई’ वेलांटीत मिसळून जाते. अशा वेळी अक्षर ताणून बघण्यात अर्थ नसतो. ओळ मथळ्याच्या वर आहे की खाली, एवढं बघायचं. तसंच कांदा आणि कांदापात. गवारीच्या खाली नुसतं ‘सुरती’ लिहिलेलं असतं, ते वेगळ्या भाजीचं नाव नाही, गवारच आहे. वरची गावरान, खालची सुरती. कारल्याखाली ‘पांढरी’, तोंडल्याखाली ‘जाड’. फळ्यावर हे चालतं, कारण वाचणाऱ्याचे डोळे वरून खाली येतात. तक्त्यात मात्र कुणी ओळी अकारविल्हे लावल्या की ‘जाड’ नावाची एक भाजी तयार होते. म्हणून प्रत्येक ओळीत पूर्ण नाव: ‘तोंडली जाड (१० किलो)’.

एवढं झालं की आकडे. आणि इथे पहिली भीती आकडा चुकीचा वाचण्याची नसते, ओळ घसरण्याची असते. फळा भिंतीवर उंच असतो, मामा गर्दीत एका बाजूला उभे असतात, त्यामुळे फोटो तिरका येतो. डावीकडून उजवीकडे डोळा नेताना ओळ हळूहळू वर चढते. नाव दोडक्याचं आणि आकडे वरच्या हिरव्या मिरचीचे, असं सहज होतं. या चुकीचा त्रास असा की ती कुठेच खुपत नाही. आकडे खरे असतात, किमान कमालपेक्षा लहानच असतं, फक्त भाव शेजारच्याचा असतो आणि तिथून खालची प्रत्येक ओळ एकेक घर सरकलेली असते.

त्यावर मी दोन गोष्टी करते. टाइप करायच्या आधी डावीकडची नावं मोजते आणि उजवीकडच्या आकड्यांच्या जोड्या मोजते. फळभाज्यांची नावं सव्वीस आणि जोड्या पंचवीस असतील, तर कुठेतरी एक ओळ रिकामी आहे आणि ती आधी सापडली पाहिजे. दुसरं, प्रत्येक आठ-दहा ओळींनंतर एक ओळखीची खूण ठेवते. आलं, शेवगा, मटार हे सहसा महाग असतात. कोबी, दुधी, तांबडा भोपळा सहसा स्वस्त. तक्त्यात कोबीसमोर शेवग्याला शोभेल असा भाव दिसला की बाजार उलटलाय असं समजायच्या आधी मी फोटोतली ओळ परत धरून बघते.

आता ज्या दिवसावरून या लेखाचं नाव आलं, त्या दिवसाबद्दल.

पावसाळ्याचे दिवस होते. माझ्या चुलतभावाची, दादाची, बारा गुंठे कोथिंबीर काढणीला आली होती. कोथिंबीर साधारण चाळीस दिवसांची झाली की काढावी लागते. आणखी थांबलं की ती फुलावर येते, पान बारीक होतं आणि मग कुणी हात लावत नाही. त्यात दोन दिवस पाऊस लागून राहिल्यानं खालची पानं पिवळी पडायला लागली होती. दादाला त्या दुपारी ठरवायचं होतं: मजूर लावून सगळी काढायची, की वरचा चांगला माल तेवढाच काढून उरलेल्यावर नांगर फिरवायचा. त्याच्या हिशेबानं काढणी, बांधणी, गाडीभाडं आणि हमाली धरून एका जुडीला साडेतीन रुपये खर्च येत होता. पावसानं मार खाल्लेला माल खालच्या भावात जाणार हे त्याला माहीत होतं. म्हणजे त्याच्या दृष्टीनं फळ्यावरचा एकच आकडा महत्त्वाचा होता, कोथिंबिरीचं किमान.

फोटो आला. कोथिंबिरीच्या ओळीत पहिला आकडा होता एक गाठ मारल्यासारखं चिन्ह आणि पुढे दोन शून्यं. ते चिन्ह मराठी चारही असू शकत होतं आणि इंग्रजी आठही. तुम्ही कधी एखाद्याच्या हातचे दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत का? घाईत लिहिलेला मराठी चार वरून बंद झाला की इंग्रजी आठ होतो. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचंही तसंच. आमच्या बाजारात फळा लिहिणारे दोघे आहेत. एक मराठी आकडे लिहितात, एक इंग्रजी. कुठल्या दिवशी कोण लिहील याचा नेम नाही, आणि कधी कधी वरचा अर्धा एकानं आणि खालचा अर्धा दुसऱ्यानं लिहिलेला असतो.

चारशे असेल तर जुडीला चार रुपये. खर्च जाऊन दादाच्या हातात पन्नास पैसे. आठशे असेल तर साडेचार रुपये. दोन हजार जुड्यांवर हा फरक हजार रुपये की नऊ हजार रुपये असा होता.

अशा वेळी त्या एका चिन्हाकडे झूम करून बघत बसण्याचा उपयोग नसतो. फोटो मोठा होतो, माहिती वाढत नाही. लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा असेल तर त्याच फळ्यावर असा आकडा शोधायचा जो आपल्याला आधीच माहीत आहे. असा एक आकडा रोज हमखास असतो, तो म्हणजे तारीख. त्या दिवशी चौदा तारीख होती. फोटोतली तारीख इंग्रजी डोळ्यांनी वाचली तर अठ्ठ्याण्णव वाटत होती. अठ्ठ्याण्णव तारीख नसते, म्हणजे ज्यानं तारीख लिहिली तो मराठी आकडे लिहीत होता, आणि त्याचा चार असा गाठीचा निघतो.

पण तारीख फळ्याच्या वरच्या टोकाला आणि पालेभाज्या खालच्या टोकाला. खालचा भाग दुसऱ्यानं लिहिला असेल तर? म्हणून दुसरी खूण लागते. शून्य दोन्हीकडे सारखंच, दोन आणि तीनही जवळजवळ सारखे, त्यांच्यावरून काही कळत नाही. पाच आणि सहा मात्र मराठीत वेगळे आणि इंग्रजीत वेगळे दिसतात. आणि भावाच्या फळ्यावर पाच सापडतोच, कारण दीडशे, अडीचशे, पाचशे हे भाव रोजचे. कोथिंबिरीच्या लगेच खाली मेथीची ओळ होती आणि तिचा पहिला आकडा पाचशे, स्वच्छ मराठी पाचानं लिहिलेला. शाई तीच, तिरपा कलही तोच.

तिसरी खूण कोथिंबिरीच्या स्वतःच्या ओळीत होती. तिचं कमाल एकतर मराठीत बाराशे होतं किंवा इंग्रजीत नऊ हजार दोनशे. घाऊक बाजारात शेकड्याला नऊ हजार दोनशे म्हणजे जुडी ब्याण्णव रुपयांची. आदल्या दिवशी कमाल हजार होतं. बाराशे पटण्यासारखं होतं. एकाच ओळीतले दोन आकडे दोन लिप्यांत कुणी लिहीत नाही. म्हणजे किमान चारशे.

मी तक्त्यात लिहिलं: कोथिंबीर (१०० जुडी), ४००, १२००. आणि मामांना फोन केला. तीन खुणा जुळल्या असल्या तरी ज्या आकड्यावर कुणाचा दिवस ठरणार आहे तो फळ्यासमोर उभ्या माणसाकडून ऐकलेला बरा. मामा म्हणाले, “चारशेच. पण अगं, चारशेला गेला तो माल बघितला असतास तर म्हणाली असतीस, चारशे तरी कसे दिले.”

मामांच्या या वाक्यात किमान-कमाल वाचण्यातला अवघड भाग आहे, आणि तो कुठल्याच शीटमध्ये येत नाही. बाजारात माल वकलावकलानं विकला जातो. एका शेतकऱ्याचा एका प्रतीचा ढीग म्हणजे एक वक्कल. दिवसभरात पन्नास वकलं विकली गेली, तर फळ्यावर त्यातली दोनच येतात, सगळ्यात स्वस्त गेलेलं आणि सगळ्यात महाग गेलेलं. मधली अठ्ठेचाळीस रेघेत असतात. चारशेला एकच सडकं वक्कल गेलेलं असू शकतं, किंवा तीस वकलं गेलेली असू शकतात. फळा दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

म्हणूनच सरकारी तक्त्यात तिसरा दर असतो, सर्वसाधारण. जास्तीत जास्त माल ज्या भावाला गेला तो हा दर. आमच्या फळ्यावर तो लिहीत नाहीत. ग्रुपवरच्या एका मुलानं मला सुचवलं होतं, ‘ताई, किमान आणि कमालची सरासरी काढून चौथा रकाना टाक ना.’ मी टाकला नाही. ४०० आणि १२०० ची सरासरी ८००. आठशेला त्या दिवशी एकही वक्कल गेलेलं नसेल, असंही होऊ शकतं. ती संख्या बाजारात कुणी बोललेलं नाही, ती मी तयार केलेली असेल, आणि तक्त्यात बसली की ती इतर आकड्यांइतकीच खरी वाटेल.

माझे वडील, आबा, हे दोन आकडे वेगळ्याच रीतीनं वाचतात. ते कमाल बघून खूश होत नाहीत आणि किमान बघून घाबरत नाहीत. त्यांना आपला माल त्या दोघांमध्ये कुठे बसतो हे माहीत असतं. “आपला फ्लॉवर खालून दुसऱ्या पायरीवर,” असं ते म्हणतात. गेल्या काही पट्ट्या, म्हणजे अडत्याकडून मिळालेल्या हिशेबाच्या पावत्या, आणि त्या त्या दिवशीचा फळा शेजारी ठेवून त्यांनी ते ठरवलंय. फ्लॉवर ८०–२०० असताना आम्हाला ११० मिळाले, १००–२४० असताना १४०. म्हणजे किमानपासून कमालपर्यंतचं अंतर धरलं तर साधारण पाव वाट. उद्या फळ्यावर १२०–२८० आलं तर आबा मनात १६० धरतात. हे दुसऱ्याला लागू पडत नाही. शेजारच्यांचा फ्लॉवर पांढराशुभ्र असतो, त्यांची पायरी वरची. म्हणून तक्ता सगळ्यांना एकच जातो आणि प्रत्येक जण त्यात आपापला भाव शोधतो.

दादानं त्या दुपारी तेच केलं. किमान चारशे म्हटल्यावर सगळा माल सरसकट काढायचं त्यानं रद्द केलं. पिवळं पान असलेला वाफा सोडून दिला, उरलेल्यात निवडून जुड्या बांधल्या, आणि त्या जरा भरगच्च बांधल्या. दोन हजारांच्या जागी बाराशेच जुड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या शेकड्याला सातशेनं गेल्या. किमान आठशे समजून त्यानं दोन हजार जुड्यांचे मजूर लावले असते तर काय झालं असतं, हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही, कारण दुसऱ्या दिवशीचा बाजार वेगळा होता. पण त्यानं ज्यावरून ठरवलं तो आकडा खरा होता.

टाइप करण्याबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी आपल्या गावासाठी हे करायचं म्हटलं तर पहिल्याच दिवशी इथे अडाल. दोन्ही आकडे एकाच चौकटीत रेघ देऊन लिहू नका. काही फळ्यांवर पालेभाजीचा भाव एका जुडीला लिहितात, दहा ते बारा, आठ ते दहा असा. तो रेघेसकट एका चौकटीत टाकला की शीट त्याची तारीख करते. दहा ते बाराची पालक दहा डिसेंबर किंवा बारा ऑक्टोबर होऊन बसते. किमान वेगळ्या चौकटीत, कमाल वेगळ्या चौकटीत, म्हणूनच तीन रकाने. आणि टाइप केलेला आकडा चौकटीत उजवीकडे सरकला नाही, डावीकडेच राहिला, तर शीट त्याला आकडा मानत नाहीये असं समजा. बहुतेक वेळा मागे-पुढे एखादं नको असलेलं चिन्ह राहिलेलं असतं.

चौथ्या रकान्यात मी एक छोटं सूत्र ठेवते. ते फक्त माझ्यासाठी, ग्रुपवर जात नाही.

```
=IF(COUNT(B2:C2)<2,"आकडा नाही",IF(B2>C2,"उलट",""))
```

बी रकान्यात किमान, सी रकान्यात कमाल. दोन्हीपैकी एक जरी आकडा नसेल तर ते सांगतं, आणि किमान कमालपेक्षा मोठं निघालं तरी सांगतं. एखादं शून्य राहून गेलं की हे लगेच पकडलं जातं. १२०० च्या जागी १२० पडलं तर ४०० त्याच्यापेक्षा मोठं ठरतं आणि ‘उलट’ दिसतं. पण घसरलेली ओळ किंवा चारशेचं आठशे यातून सुटतात, कारण ८००–१२०० ही अगदी शहाणी जोडी आहे. त्यासाठी शेजारी कालचा भाव हवा. आजचा आकडा कालच्या दुपटीच्या वर किंवा निम्म्याच्या खाली गेला की मी फोटो पुन्हा उघडते. आकडा मात्र त्यामुळे बदलत नाही. पालेभाजी एका रात्रीत दुप्पट होते, पाऊस झाला की गाड्याच येत नाहीत. फोटोत दुप्पट असेल तर तक्त्यात दुप्पटच जातो.

उरला रिकाम्या जागांचा प्रश्न. फळ्यावर नाव आहे आणि पुढे नुसती रेघ, याचा अर्थ तो माल आज आला नाही. मी ‘आवक नाही’ असं लिहिते. शून्य लिहित नाही, कारण महिन्याची सरासरी काढताना ते शून्य भाव म्हणून मोजलं जातं आणि चाकवत फुकट विकल्यासारखी दिसते. एकच आकडा असेल आणि पुढे रेघ नसेल, तर सगळा माल एकाच भावानं गेला. तो आकडा दोन्ही रकान्यांत टाकते. एक आकडा, मग रेघ, मग चकाकी, असं असेल तर कमाल आहे पण मला दिसत नाही. तिथे ‘वाचता येत नाही’ लिहिते आणि मामांना दोन पावलं बाजूला सरकून दुसरा फोटो काढायला सांगते. जागा बदलली की ट्यूबलाइटची चकाकी दुसऱ्या ओळीवर जाते.

हे ‘वाचता येत नाही’ ग्रुपवर आवडत नाही. “अंदाजे टाक की,” असं कुणीतरी म्हणतंच. काल अमुक होता, परवा तमुक होता, त्यावरून माझाही अंदाज बांधून होतो. पण तो अंदाज करायला मी कशाला हवी? कालचा तक्ता त्यांच्याकडेही आहे, आणि त्यांच्या मालाबद्दल माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी अंदाज आकड्याच्या वेषात पाठवला, तर त्यांच्याकडे अंदाज करायला जागाच राहत नाही.

दहा वाजता तक्ता जातो तेव्हा त्यातला बाजार उठलेला असतो. आज वाचलेल्या भावावर आज दुपारी काढलेला माल उद्या पहाटेच्या लिलावात उभा राहतो, आणि उद्या किती गाड्या येतील हे फळ्यावर लिहिलेलं नसतं. आमच्यासारखीच शंभर गावं आजचे बाराशे वाचून आज दुपारी कोथिंबीर काढत असतील, तर उद्याचा फळा वेगळा असणार. आबा म्हणूनच कमाल चढलेलं दिसलं की मला फोन करून एकच गोष्ट विचारतात, जी माझ्या तीन रकान्यांत नाही: “मामांना विचार, आज गाड्या किती होत्या.” मी विचारते आणि तक्त्याच्या खाली एक ओळ जोडते. ‘आज कोथिंबिरीच्या गाड्या कालच्यापेक्षा कमी.’ त्या ओळीला किमान नाही, कमाल नाही. सगळ्यात आधी ती वाचली जाते.